चुकीचा ईमेल अचूक कसा द्यावा

नवं खातं उघडताना ईमेलचा रकाना आला की बरेच जण उगाच सावध होतात, अक्षर अक्षर तपासतात. तुम्ही तसं करू नका. पण चूक करायचीच तर ती निगुतीनं करा, कारण नवशिक्यांच्या चुका अगदीच वाया जातात.

उदाहरणार्थ, gmail.con. हा पत्ता अस्तित्वातच नाही. काही वेबसाइट तो जागच्या जागी पकडतात आणि बाकीच्यांचा मेल कुठेच न पोचता परत फिरतो. म्हणजे चूक केली, पण लाभार्थी कोणीच नाही. डोमेनमध्येच गफलत करायची हौस असेल, तर कोणीतरी आधीच विकत घेऊन ठेवलेलं जवळपासचं डोमेन गाठावं. २०११ साली गोडाई ग्रुप नावाच्या संस्थेच्या दोन संशोधकांनी मोठ्या कंपन्यांच्या पत्त्यांतलं एक टिंब गाळून तशी डोमेन घेतली आणि नुसते वाट बघत बसले. सहा महिन्यांत त्यांच्याकडे १ लाख २० हजार मेल आपल्या पायांनी चालत आले.

तरी खरी कला याच्या पुढची आहे. समजा तुमचं आडनाव कुलकर्णी. नावाचं आद्याक्षर आणि आडनाव एवढाच सुटसुटीत पत्ता तुम्हाला मिळणं शक्य नव्हतं. तो पंधरा-वीस वर्षांपूर्वीच कोणा दुसऱ्या कुलकर्ण्यांनी घेतला. म्हणून तुमच्या पत्त्याच्या शेवटी ७२ आहे. तेवढं ७२ गाळा. बस. आता पत्ता बिनचूक आहे, चालू आहे, फक्त तुमचा नाही. आणि इथेच मौज आहे: पत्ता नसलेला असता तर मेल परत आला असता आणि वेबसाइटला कळलं असतं. पत्ता जिवंत असला की मेल पोचतो, आणि पाठवणाऱ्याच्या लेखी सगळं सुरळीत असतं.

टिंबाचा मात्र प्रयोग करू नका, निदान जीमेलवर तरी. तिथे @ च्या आधीची टिंबं मोजलीच जात नाहीत. टिंब द्या, नका देऊ, पेटी तीच. ‘त्यांचा पत्ता टिंबाशिवाय आहे, माझा टिंबासकट’ असं ठासून सांगणारे दोन कुलकर्णी भेटले, तर त्यातल्या एकाचा तो पत्ता कधीच नव्हता, एवढं नक्की.

आता वेबसाइट निवडा. ‘आधी मेलमधली लिंक दाबा, मगच खातं सुरू होईल’ असं म्हणणाऱ्या आडमुठ्या वेबसाइट टाळा. तिथे लिंक त्या दुसऱ्या कुलकर्ण्यांना जाते, तुम्ही दाराबाहेर राहता आणि पाच मिनिटांत चूक उघडी पडते. चांगली वेबसाइट मोबाइलवर ओटीपी पाठवते, ईमेलच्या पडताळणीला ‘नंतर करा’ म्हणते आणि लगेच तिकीट काढू देते. काही ठिकाणी ईमेल दोनदा लिहायला लावतात, पण त्यावर कॉपी-पेस्ट हा रामबाण उपाय आहे. दोन्ही रकान्यांत एकच चूक असली की यंत्राचं समाधान होतं.

स्वागताचा मेल आला का, हे बघू नका. तो साधारणपणे मिनिटभरात यायला हवा. दहा मिनिटांत आला नाही आणि स्पॅममध्येही नाही, तर पत्ता चुकलाय हे शेंबडं पोरही ओळखेल. तुम्ही ‘सर्व्हर स्लो असेल’ म्हणा आणि चहा घ्या.

तिकडे दुसऱ्या कुलकर्ण्यांची पेटी भरू लागते. पहिल्या मेलमध्ये तुमचं पूर्ण नाव. दुसऱ्यात पुणे-नागपूर विमानाचं तिकीट, त्यावर सहा अक्षरी पीएनआर. बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर बुकिंग उघडायला पीएनआर आणि आडनाव पुरतं. आडनाव तर त्यांना पाठच आहे!

मग गाडीच्या विम्याची पीडीएफ. ती सुरक्षित असते, कुलूपबंद असते, आणि कुलूप कसं उघडायचं हे त्याच मेलमध्ये उदाहरणासकट लिहिलेलं असतं: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मतारखेचा दिवस-महिना. नाव पहिल्याच मेलमध्ये आलंय. उरल्या तारखा, त्या वर्षात जास्तीत जास्त ३६६. आणि बँकेच्या साइटसारखी ‘तीन चुका झाल्या, खातं बंद’ ही भानगड पीडीएफला नसते. एखादी रिकामी दुपार मिळाली की झालं. आत तुमचा पत्ता, फोन, गाडीचा नंबर, वारसाचं नाव.

एवढंही करायचं नसेल तर ‘पासवर्ड विसरलात?’ आहेच. त्या बटणाला तुम्ही कोण याच्याशी देणंघेणं नसतं. पेटी कोणाची, एवढंच ते विचारतं. लिंक आली, नवा पासवर्ड ठेवला, खातं त्यांचं. पैसे काढायला ओटीपी लागेल आणि तो तुमच्या मोबाइलवर येईल, हे खरं. पण तिकीट रद्द करायला किंवा पार्सलचा पत्ता बदलायला दर वेळी ओटीपी लागतोच असं नाही.

तुमचं नशीब बलवत्तर असेल तर दुसरे कुलकर्णी सज्जन निघतील. ते उत्तर लिहितील: ‘हे मेल माझे नाहीत.’ ते उत्तर no-reply ला जाईल, म्हणजे कुठेही जाणार नाही. ते कस्टमर केअरला फोन करतील. ‘सर, पडताळणीसाठी नोंदणीकृत मोबाइल नंबर सांगा.’ ‘अहो, खातं माझं नाहीच.’ ‘मग सर, आम्ही माहिती देऊ शकत नाही.’ खात्यात शिरून तुमचा नंबर शोधावा म्हटलं, तर परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसत नाही. शेवटी ते वैतागून सगळं स्पॅममध्ये टाकतात. आता तुमच्या विमानाची वेळ बदलल्याचा मेलही तिथेच जाऊन बसेल.

तुम्हाला पत्ता लागतो तो नवा फोन घेतल्यावर. जुन्या फोनवर लॉगिन आपोआप होतं, तोवर प्रोफाइलमध्ये जाऊन ते ७२ जोडणं सहज जमलं असतं, म्हणून तर ते करायचं नाही. (तेही लवकर केलेलं बरं, कारण काही वेबसाइट पत्ता बदलायला जुन्या पत्त्यावरूनच परवानगी मागतात.) नव्या फोनवर पासवर्ड आठवत नाही. पडद्यावर येतं: ‘आम्ही k*******@gmail.com वर लिंक पाठवली आहे.’ पहिलं अक्षर बरोबर, शेपटी बरोबर, आणि चूक नेमकी चांदण्यांच्या आड. तुम्ही निर्धास्तपणे इनबॉक्स बघता. मग स्पॅम. मग बटण पुन्हा दाबता, पुन्हा दाबता. तिकडे दुसऱ्या कुलकर्ण्यांना आपल्यावर सायबर हल्ला चाललाय असं वाटू लागतं.

शेवटी नवं खातं उघडायला जाता. ‘हा मोबाइल नंबर आधीच नोंदलेला आहे.’ मग तुम्ही कस्टमर केअरला फोन करता. बाई फार अदबीनं बोलतात. तुमचं ऐकून घेतात, गैरसोयीबद्दल क्षमा मागतात आणि सांगतात, ‘ईमेल बदलता येईल सर. फक्त तसा अर्ज आपल्या नोंदणीकृत ईमेलवरून पाठवा.’