वन-फोर की टू-फोर?

मी डेंटलला लागले आणि पेढे वाटून व्हायच्या आत शेजारच्या काकूंनी माझ्यापुढे तोंड उघडलं. "ही मागची बघ गं, थंड पाणी लागलं की ठणकते." काकूंना कसं सांगणार, की पहिल्या वर्षी दात का दुखतो हे आम्हाला कोणी विचारतच नाही. हा दात कोणता, वरचा की खालचा, उजवा की डावा आणि कशावरून, एवढंच विचारतात. आणि मग तो दात मेणात कोरायला लावतात. दुखणं तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतं. पहिल्या वर्षी दुखतं ते आपलं.

तर मेण. साबणाच्या छोट्या वडीएवढा ब्लॉक, एक लेक्रॉन कार्व्हर, एक वॅक्स नाइफ, व्हर्नियर आणि स्पिरिटचा दिवा. दिवा विझू नये म्हणून लॅबमधले पंखे बंद. मुंबईतला मे महिना, बंद पंखे आणि हातात मेण, ही योजना ज्याने आखली त्याने बहुधा हिल स्टेशनला शिक्षण घेतलं असावं. मेण गार असलं की ठिसूळ होतं आणि कोपरे कपच्या होऊन उडतात. घामेजल्या बोटांत थोडा वेळ राहिलं की मऊ पडतं, आणि मग आपण खोदलेली रेघ कडांनी बुजत जाते. म्हणून आम्ही शेजारी गार पाण्याची वाटी ठेवायचो आणि ब्लॉक अधूनमधून त्यात बुडवायचो. घरी सराव करताना माझे ब्लॉक फ्रीजमध्ये असत. आईने एक तयार दात डब्यातून उचलून विचारलं होतं, "हे आलं इतकं गुळगुळीत कसं गं?"

सगळ्या दातांत माझं वैर वरच्या पहिल्या प्रीमोलरशी. सुळ्याच्या लगेच मागचा तो. उजवीकडचा वन-फोर, डावीकडचा टू-फोर. पहिला आकडा जबड्याचा कोपरा सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा ते. हा दात परीक्षेत हमखास येतो आणि त्याचं कारण फारच व्यवहारी आहे. ब्रेसेस लावताना जागा करायची म्हणून बहुतेक वेळा हाच दात काढतात, तोही अगदी धडधाकट. दाढा मिळतात त्या किडून अर्ध्या झालेल्या. पुढचे दात लोक जिवाच्या करारावर सांभाळतात. सुळा तर माणूस सोडतच नाही. त्यामुळे कॉलेजच्या दातांच्या डब्यात हात घातला की पहिला प्रीमोलर हाती लागतो, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या, म्हणजे एक्स्टर्नलच्या, हातालाही तोच लागतो.

बरं, दात गुणी म्हणावा तर तसंही नाही. सुळे घ्या, बाकीचे प्रीमोलर घ्या. गालाकडच्या टोकापासून निघणाऱ्या दोन उतारांपैकी मेझियल, म्हणजे मधल्या रेषेकडचा, आखूड असतो आणि मागचा लांब. या पठ्ठ्याचं उलटं. त्याचा मेझियल उतार लांब, त्यामुळे टोक जरासं मागे सरकलेलं. वर्षभर एक नियम घोकायचा आणि परीक्षेत नेमका तो नियम मोडणारा दात पुढ्यात यायचा. टाळूकडचं टोक मात्र पुढे झुकलेलं, आणि गालाकडच्यापेक्षा सुमारे मिलिमीटरभर बुटकं. एकाच दाताची दोन टोकं दोन दिशांना तोंड करून बसलेली.

कोरायची पद्धत ऐकायला सोपी आहे. आधी मापं: क्राउन, म्हणजे हिरडीबाहेर दिसणारा भाग, साडेआठ मिलिमीटर, मूळ चौदा, समोरून रुंदी सात, गालाकडून टाळूकडे नऊ. प्रत्येक मापात अर्धा मिलिमीटर जादा ठेवून ब्लॉक चौकोनी करायचा, कारण शेवटी घासताना तेवढं जातंच. मग गालाकडच्या बाजूवर दाताची बाह्यरेषा काढायची आणि बाहेरचं मेण आरपार उडवायचं. नंतर बाजूने तेच. दोन्ही बाजूंनी कापून झालं की हातात दातासारखा दिसणारा एक चौकोनी खांब येतो. मग कडा मोडायच्या, आणि खरी परीक्षा इथे.

बाजूने बघितलं तर गालाकडचा फुगवटा हिरडीजवळ असतो आणि टाळूकडचा क्राउनच्या मध्यावर. आमच्या वर्गातले निम्मे दात दोन्हीकडे मधोमध फुगलेले असायचे, कारण हात आपोआप समतोल साधायला जातो. सर दात डोळ्यासमोर आडवा धरत आणि काही न बोलता परत देत. त्या न बोलण्याचा अर्थ 'पुन्हा' असा होता.

मुळं हा स्वतंत्र जाच. या दाताला बहुधा दोन मुळं, शेंड्याकडे फाटे फुटलेली. मेणात तो फाटा कोरताना एक शेंडा मोडतोच मोडतो. मग तापलेल्या हत्याराने मेणाचा थेंब सोडून तो चिकटवायचा. सांध्यावरचं मेण पुन्हा वितळून थिजलेलं असल्यामुळे चकाकी वेगळी येते, आणि ती परीक्षकांना खोलीच्या दारातून दिसते. शेवटी साबणाच्या पाण्यात भिजवलेला कापूस आणि आईच्या जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा घेऊन चमक आणायची. ही चमक फार फसवी. घासता घासता चऱ्या कधी पुसल्या जातात कळत नाही, आणि हातात उरतो तो आरशासारखा लखलखीत, पण कुठलाच नसलेला दात.

पण सगळ्यात मोठा सापळा बाजूचा. तोंडात वरच्या दाताचं मूळ वर असतं. आमच्या ब्लॉकला मात्र मुळाकडे चौथरा ठेवायचा, म्हणजे दात टेबलावर क्राउन वर करून उभा. वरचा दात डोक्यावर उभा केल्यासारखंच झालं. मूळ वर धरून गालाची बाजू आपल्याकडे केली, तर उजव्या दाताची मेझियल बाजू आपल्या उजव्या हाताला येते. क्राउन वर केला की तीच डावीकडे जाते. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने प्रॅक्टिकलला असा काही वन-फोर कोरला होता, की तो काढून कोणाच्याही तोंडात बसवावा. मुळाचे दोन्ही शेंडे शाबूत, चऱ्या जागच्या जागी. परीक्षकांनी बराच वेळ फिरवून बघितला आणि म्हणाले, "सुंदर. फक्त हा टू-फोर आहे." त्या दिवसापासून आमच्या बॅचमध्ये सगळे जण चाकू लावायच्या आधी चौथऱ्यावर चारी बाजूंची अक्षरं कोरायला लागले.

स्पॉटर्ससाठी, म्हणजे नुसतं बघून दात ओळखायच्या परीक्षेसाठी, डोळे तयार करायचे म्हणून मी डोंबिवली लोकलमध्ये बायकांचे दात बघत जायचे. लेडीज डबा या अभ्यासाला फार उत्तम, कारण तिथे हसण्याला कमी नाही. माणूस मोकळं हसलं की सुळ्याच्या मागचा हा दात समोरून दिसतो. समोरच्या सीटवरच्या एका मावशींनी ठाणे येईपर्यंत सहन केलं आणि मग रुमाल तोंडाशी नेऊन विचारलं, "काय गं, कोथिंबीर अडकलीय का?" माझं स्वतःचं तोंड या अभ्यासाला निकामी होतं. का, ते येईलच.

व्हायव्हाला एक्स्टर्नल मॅडमच्या समोर स्टीलचा ट्रे. त्यांनी त्यातला एक दात निवडून माझ्या तळहातावर ठेवला. निवडून, हे महत्त्वाचं.

"सांग."

"मॅडम, परमनंट, अप्पर, प्रीमोलर."

इथवर गाडी रुळावर होती. दोन टोकं, म्हणून प्रीमोलर. बाजूने बघितलं तर क्राउन मुळावर सरळ बसलेला. खालचा असता तर जिभेकडे कलला असता.

"फर्स्ट की सेकंड?"

मुळाकडे बघितलं तर एकच. दुसऱ्या प्रीमोलरला बहुधा एकच मूळ असतं, आणि 'सेकंड' हे उत्तर जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. पण मॅडमनी दात निवडून दिला होता. मी आधी टोकं बघितली. गालाकडचं झिजून सपाट झालेलं, म्हणजे उताराची खूण गेली. टाळूकडचं तरीही बुटकंच. दुसऱ्या प्रीमोलरची दोन्ही जवळपास सारखी असतात. मधली चर लांब आणि सरळ. दुसऱ्याची आखूड असते आणि भोवती सुरकुत्यांचं जाळं. एका कडेवरून एक बारीक चर चढून बाजूवर उतरली होती. त्या बाजूने अंगठा फिरवला तर क्राउनपासून मुळापर्यंत सलग खोलगट लागलं. हा खड्डा पहिल्याचाच, आणि तो नेहमी मेझियल बाजूला.

"फर्स्ट, मॅडम."

"मूळ तर एकच आहे."

"कधीकधी एकच असतं, मॅडम. पण मेझियल खड्डा आहे, कडेवरची चर आहे."

मॅडमनी मान हलवली नाही. दात परत घेतला, मूळ खाली आणि गालाची बाजू माझ्याकडे करून धरला. "साइड?"

खड्डा माझ्या उजव्या हाताला होता. मला ती मैत्रीण आठवली. दात त्यांच्या हातात, तो उलटा करता येईना, म्हणून मी स्वतःच मान कलती करत जवळजवळ टेबलाला कान लावला. मागच्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं.

"लेफ्ट. टू-फोर."

"सरळ बस." त्या पहिल्यांदाच हसल्या. त्यांचा वन-फोर छान होता. "आता जीभ लाव तुझ्या वरच्या पहिल्या प्रीमोलरला, आणि सांग, टाळूकडचं टोक खरंच बुटकं लागतं का?"

"मॅडम, माझ्या तोंडात तो नाहीये. दोन्हीकडचे नाहीयेत. नववीत ब्रेसेससाठी काढले."

"कुठे?"

"इथेच, मॅडम. आपल्याच ओपीडीत."

मॅडमनी ट्रेकडे बघितलं. मग हातातल्या टू-फोरकडे. मग तो हलकेच ट्रेमध्ये ठेवला आणि ट्रे स्वतःकडे ओढून घेतला.

"नेक्स्ट रोल नंबर."