व्हिसा मालकाच्या खिशात नसतो

आज सकाळपासून डोकं फिरलंय. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचा एक ग्रुप आहे. त्यात एका आईने लिहिलं की मेलबर्नला शिकणारा तिचा मुलगा रात्री जिथे काम करतो, तिथला सुपरवायझर त्याला रोज चारचौघांत वाट्टेल ते बोलतो, मनात येईल तेव्हा शिफ्ट कापतो आणि वर म्हणतो, तक्रार केलीस तर व्हिसा रद्द करवीन. काय करावं, असं विचारलं बिचारीने. खाली उत्तरांची रांग. ‘सहन करायला सांगा.’ ‘पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, होईपर्यंत तोंड बंद.’ एका गृहस्थांनी तर मुलाला ते धमकीचे मेसेज डिलीट करायला सांगितलं. म्हणे, कुणी फोन तपासला तर पंचाईत.

डिलीट? त्या मुलाकडे स्वतःच्या बाजूचा तेवढा एकच पुरावा आहे!

मी इथे ऑस्ट्रेलियात बरीच वर्षं आहे आणि हे अगदी जवळून पाहिलंय. आमच्या मागच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायची. मास्टर्स करत होती, ५०० सबक्लासचा स्टुडंट व्हिसा, आणि संध्याकाळी ऑफिसं साफ करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे काम. कॉलेज चालू असताना स्टुडंट व्हिसावर पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. सुपरवायझरने आधी गोडीत सांगितलं, आज एक जण आली नाही, थांब जरा. मग रोजच थांब. पगाराच्या चिठ्ठीवर ४८ तास, वरचे तास रोख, तेही अर्धेमुर्धे. आणि एकदा ती ४८ च्या वर गेली, तसा त्याचा सूर बदलला. इतरांसमोर तिच्या इंग्रजीची नक्कल, बाथरूमला गेली की घड्याळ दाखवणं, आजारी पडली तर पुढच्या आठवड्याच्या रोस्टरमधून नावच गायब. तिने जास्तीच्या पैशांचा विषय काढला, तर मेसेज आला: तुझे जास्तीचे तास माझ्याकडे लिहिलेले आहेत, मी इमिग्रेशनला एक मेल टाकला की तू पुढच्या विमानात.

आणि हा आपल्याच देशातला माणूस. स्वतः स्टुडंट म्हणून आलेला! याचा जास्त संताप येतो.

हो, तास ओलांडले ही तिचीही चूक होतीच, मान्य. पण त्या चुकीला धरूनच सगळा खेळ चालतो, हे तरी समजून घ्या. मालक आधी नियम मोडायला लावतो आणि मग मोडलेल्या नियमाची दोरी गळ्यात बांधतो.

तर पहिली गोष्ट. मालक व्हिसा रद्द करू शकत नाही. ते फक्त गृहखातं, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ होम अफेअर्स करू शकतं, तेही आधी नोटीस देऊन, तुमचं म्हणणं मागवून. दुसरी गोष्ट त्या ग्रुपमध्ये एकालाही माहीत नव्हती. १ जुलै २०२४ पासून, कुणाच्या व्हिसाचा धाक दाखवून त्याला कामाच्या बाबतीत एखादी गोष्ट मान्य करायला भाग पाडणं, किंवा व्हिसाच्या अटी मोडायला लावणं, हा ऑस्ट्रेलियात फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे तो मेसेज तिच्याविरुद्धचा पुरावा नव्हता, त्याच्याविरुद्धचा होता. आणि आमचे गृहस्थ म्हणतात, डिलीट करा!

त्या रात्री ती स्वयंपाकघरात बसून तोच मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होती. ‘ताई, उद्या जाऊन माफी मागू का?’ असं विचारलं तिने. एवढी हुशार पोरगी. माफी कसली मागतेस, म्हटलं, आधी त्याचा स्क्रीनशॉट काढ.

स्क्रीनशॉट कसा काढायचा हेही सांगते, कारण तिथेच गडबड होते. नुसतं वाक्य कापून घ्यायचं नाही. वर नंबर, बाजूला तारीख आणि वेळ, मागचेपुढचे मेसेज, सगळं दिसलं पाहिजे. मग ते स्वतःच्या ईमेलला पाठवायचं. कामाच्या फोनवर किंवा कामाच्या ईमेलवर काही ठेवायचं नाही, नोकरी गेली की तेही जातं. रोस्टर भिंतीवर लागला की त्याचा फोटो. आणि एक वही. त्या दिवशी कधी गेले, कधी सुटले, कोण काय बोललं, कोण ऐकत होतं. त्याच रात्री लिहायचं. तिच्या वहीत ‘आज खूप त्रास झाला’ असली वाक्यं होती सुरुवातीला. त्याचा पुढे काही उपयोग नसतो. ‘लिफ्टजवळ, दोघी जणी समोर असताना, हे शब्द’ असं लिहिलं की त्याला वजन येतं. बोलणं गुपचूप रेकॉर्ड करायचा मोह होतो, पण त्याचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये तो उलट तुमचाच गुन्हा ठरू शकतो. वही पुरते.

आता तक्रार कुठे करायची. इथे लोक सरळ इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन सगळं सांगून टाकतात, नाहीतर कुणा ओळखीच्या एजंटला गाठतात. दोन्ही नको. आधी मोफत कायदेशीर सल्ला घ्यायचा, तिथे सांगितलेलं बाहेर जात नाही. मेलबर्नमध्ये मायग्रंट वर्कर्स सेंटर आहे. सिडनीत रेडफर्न लीगल सेंटर आहे, त्यांची परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी सेवाच आहे. तिथे आधी विचारायचं ते हे: माझे तास ओलांडलेत, मला संरक्षण मिळू शकतं का?

कारण तसं संरक्षण आहे. २०२४ च्या जुलैपासून अशी सोय झाली की कामाच्या ठिकाणी तुमची पिळवणूक झाली आणि फेअर वर्क ओम्बड्समनसारख्या सरकारी संस्थेने किंवा मान्यता दिलेल्या युनियनने अथवा कायदा केंद्राने तसा दाखला दिला, तर कामाच्या अटी मोडल्याबद्दल व्हिसा रद्द होण्यापासून बचाव मिळू शकतो. मात्र तुम्ही पिळवणुकीविरुद्ध काहीतरी पाऊल उचललेलं असायला हवं आणि पुढे अटी पाळायला हव्यात. म्हणून तिने सगळ्यात आधी काय केलं, तर त्याच आठवड्यापासून ४८ च्या वर एक मिनिट थांबायला नकार दिला, तोही लेखी, मेसेजवर, साध्या दोन ओळींत. याच सोयीबरोबर वर्कप्लेस जस्टिस व्हिसा नावाचा प्रकारही दोन वर्षांच्या प्रयोगादाखल सुरू केला होता, व्हिसा संपत आलाय पण प्रकरण चालू आहे अशांसाठी. आपल्या वेळेला काय काय लागू आहे ते त्या केंद्रातच विचारून घ्यायचं, फेसबुकवर नाही. माझ्या पोस्टवरही नाही.

आणि एक फरक नीट समजून घ्या, इथे भलेभले चुकतात. बुडवलेल्या पगारासाठी फेअर वर्क ओम्बड्समन. तिथे नाव न देताही माहिती देता येते, पण निनावी दिलेल्या माहितीवर तुमचे स्वतःचे पैसे कुणी वसूल करून देत नाही. त्यासाठी नाव द्यावंच लागतं. छळासाठी मात्र वेगळी संस्था, फेअर वर्क कमिशन. तिथे ‘छळ थांबवा’ असा आदेश मागता येतो. एकदाच कुणी ओरडलं, तर तो छळ धरत नाहीत, वारंवार व्हायला हवं. आणि हो, कामातली खरी चूक नीट शब्दांत दाखवणं म्हणजेही छळ नाही, तेवढं मी मान्य करते. या अर्जाची प्रत मालकाला जाते, म्हणजे लपून काही होत नाही. भरपाई मिळत नाही. आणि तुम्ही तिथे अजून कामाला असाल तरच त्याचा उपयोग. वैतागून आधी राजीनामा फेकला, की तो दरवाजा बंद.

तिने तो अर्ज केलाच नाही. तिला तिथे राहायचंच नव्हतं, आणि ते मला अगदी पटलं. प्रत्येक मुलीने लढून दाखवलंच पाहिजे, असं कुठे आहे? तिने पगाराची तक्रार नाव देऊन केली आणि दुसरं काम शोधलं. स्टुडंट व्हिसा कुठल्याच मालकाला बांधलेला नसतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. स्पॉन्सरवर, म्हणजे मालकाने पुरस्कृत केलेल्या व्हिसावर आलेल्यांचं वेगळं असतं, त्यांना खरंच जास्त भीती असते. पण त्यांनाही आता नोकरी सुटल्यावर नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात, पूर्वी ६० च मिळायचे.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, तर मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट सांगते. तिचा व्हिसा खरोखर धोक्यात आला होता, पण तो त्या सुपरवायझरमुळे थेट नाही आणि तक्रारीमुळे तर नाहीच. रात्री उशिरा घरी यायचं, झोप नाही, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, म्हणून तिने वर्गात जाणं सोडलं होतं. असाइनमेंट राहिल्या. स्टुडंट व्हिसाची मुख्य अट आहे ती प्रवेश टिकवण्याची. अभ्यासात मागे पडलात किंवा गुपचूप गायब झालात, तर कॉलेजला ते वर कळवावंच लागतं. तक्रार केल्याने जे घडत नाही, ते गप्प बसून कुढण्याने घडतं!

त्यावर उपाय साधा होता. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला लिहायचं, डॉक्टरचं पत्र जोडायचं, आणि सबळ कारणासाठी सत्र पुढे ढकलायची रीतसर परवानगी मागायची. परवानगी हातात येईपर्यंत वर्ग सोडायचा नाही, आणि सुट्टीचा व्हिसावर काय परिणाम होईल तेही लेखी विचारून घ्यायचं. तिला एक विषय कमी करून मिळाला, तेवढ्यावर ती सावरली. छळ कॉलेजातच होत असेल, गाइड किंवा सहाध्यायी करत असतील, तर आधी कॉलेजात लेखी तक्रार. तिथे दाद लागली नाही तर १ फेब्रुवारी २०२५ पासून नॅशनल स्टुडंट ओम्बड्समन आहे, तिथे परदेशी विद्यार्थ्यालाही फुकट जाता येतं.

त्या मुलीचे पैसे सगळे आले नाहीत. जे चिठ्ठीवर होतं आणि जे वहीत होतं, त्यातला फरक सिद्ध करायला वेळ लागतो, आणि वही तिने उशिरा सुरू केली होती. तो सुपरवायझर माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथेच आहे. पण इमिग्रेशनला मेल टाकतो म्हणणाऱ्याचा मेल काही आला नाही. कसा येईल? ज्याने स्वतः खोट्या चिठ्ठ्या बनवल्या, तो सरकारला आपल्या दारात कशाला बोलावेल?

त्या आईला मी वेगळा मेसेज केलाय. मुलाला आज रात्री कामावर जाण्याआधी सगळे मेसेज स्वतःच्या ईमेलला पाठवायला सांगा, असं लिहिलंय. आणि त्याला कामावरून काढून टाकलंच, तर त्याविरुद्ध फेअर वर्क कमिशनकडे जायला काढल्याच्या तारखेपासून फक्त २१ दिवस मिळतात, तेव्हा ग्रुपवर सल्ले गोळा करत बसू नका.