बोनसचे वाटेकरी

बोनस जमा झाल्याचा मेसेज माझ्या फोनवर येतो, पण बातमी सासऱ्यांना आधी कळते. "जावईबापू, पाच वर्षांची एफडी करून टाका," असा त्यांचा लगेच फोन. ऑफिसातल्या मित्राचं मत बरोबर उलटं: "एफडी काय म्हाताऱ्यासारखी करतोस? सगळे इक्विटी फंडात टाक!"

बोनस तीन लाखांचा. त्याला आधीच तीन मालक होते: जूनमधली मुलाची फी, तीन वर्षांनी घ्यायची गाडी आणि वीस वर्षांनी येणारी निवृत्ती.

सासऱ्यांना मी भीतभीत विचारलं, "आणि मध्येच मोडावी लागली तर?" मी जणू त्यांच्या मुलीला घटस्फोट द्यायचं विचारतोय, असे ते गप्प झाले. पण हिशेब सरळ आहे. समजा, दोन लाख ७ टक्क्यांनी पाच वर्षं ठेवले आणि चौदा महिन्यांत मोडले, तर बँक ७ टक्के देत नाही. जितके दिवस पैसे राहिले तेवढ्या मुदतीचा दर लावते, समजा साडेसहा, आणि त्यातून दंड म्हणून बहुधा अर्धा ते एक टक्का कापते. एक टक्का कापला, तर हाती साडेपाच. चक्रवाढ सोडली तर अपेक्षित १६,३०० रुपयांचे १२,८०० होतात.

मित्राला विचारलं, "फीचे पैसेही इक्विटीत?" "लाँग टर्ममध्ये मार्केट वरच जातं रे!" जातंही. पण २०२० मध्ये जानेवारी ते मार्च या दोन महिन्यांत ते एक तृतीयांशाहून जास्त कोसळलं होतं. 'सेन्सेक्स सावरला की फी भरतो' असं शाळेला सांगायची सोय नसते. तेव्हा तो नोव्हेंबरपर्यंत सावरला, हे खरं. पण जानेवारी २००८ ची उंची परत गाठायला नोव्हेंबर २०१० उजाडला. म्हणजे आमची गाडी जवळपास तीन वर्षं शोरूममध्येच राहिली असती.

लिक्विड फंडाची बाजू घ्यायला मात्र कुणीच नव्हतं. त्यात बढाई मारण्यासारखं काही नसतंच. ९१ दिवसांपर्यंतच्या कर्जरोख्यांत पैसे, पहिल्या सहा दिवसांत काढले तर किरकोळ आकार, एरवी पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात. कर एफडीसारखाच स्लॅबप्रमाणे, फक्त एफडीच्या व्याजावर तो दरवर्षी लागतो आणि इथे काढल्यावर. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तो मात्र इथे नाही.

शेवटी बायकोने वाटणी केली. फीचे ऐंशी हजार लिक्विड फंडात. गाडीचे दीड लाख तीन वर्षांच्या एफडीत, पण पन्नास-पन्नास हजारांच्या तीन पावत्या, म्हणजे अडचण आली तर एकच मोडायची. उरलेले सत्तर हजार इक्विटीत, निवृत्तीसाठी.

सासऱ्यांना तिने फक्त एफडीचं सांगितलं, मी मित्राला फक्त इक्विटीचं. आपलंच ऐकलं म्हणून दोघेही खूश. जूनमध्ये फी वेळेवर भरली, तेव्हा पैसे कुठून आले हे कुणी विचारलंच नाही.