‘शून्य ब्रोकरेज’ आणि लेजरमधले 15 रुपये: एका प्रतिक्रियेला उत्तर

परभणीहून आलेली प्रतिक्रिया: “सर, तुम्ही शून्य ब्रोकरेजवाल्या ॲपचं कौतुक करता, ही वाचकांची फसवणूक आहे. सोयाबीनच्या पैशातून 300 च्या भावाने 10 शेअर घेतले. पेरणीला पैसे लागले तसे पाच वेगवेगळ्या दिवशी दोन-दोन करून 320 ला विकले. नफा दोनशेचा, हातात सव्वाशेसुद्धा आले नाहीत. वर सव्वानऊला ॲप नुसतं गोल फिरतं. यापेक्षा आमचा गावातला सब-ब्रोकर बरा, अर्धा टक्का घेतो पण फोन उचलतो.”

नमस्कार दादा,

तुमचा राग रास्त आहे. फक्त पैसे नेमके कुठे गेले ते बघू, कारण ते ब्रोकरेजमध्ये गेलेले नाहीत.

तुमच्या काँट्रॅक्ट नोटमध्ये, म्हणजे ब्रोकर पाठवतो त्या व्यवहाराच्या बिलात, ब्रोकरेज शून्यच असेल. त्याखाली एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा सरकारी कर, दिसेल. डिलिव्हरीत, म्हणजे शेअर डिमॅट खात्यात घेऊन ठेवता तेव्हा, तो खरेदीवर 0.1 टक्का आणि विक्रीवरही 0.1 टक्का लागतो. स्टँप ड्युटी आणि एक्स्चेंजचं शुल्क धरून तुमच्या व्यवहारात हे सगळं आठ-नऊ रुपयांच्या घरात जातं. हे कोणत्याही ब्रोकरकडे द्यावंच लागतं.

उरलेली कपात डीपी चार्जची आहे. डिमॅट खात्यातून शेअर बाहेर गेला की हा चार्ज लागतो. तो एका कंपनीच्या शेअरला, एका दिवसासाठी, एकदा असतो. त्या दिवशी दोन शेअर विका नाहीतर दोन हजार, रक्कम तीच. ब्रोकरगणिक आकडा बदलतो. उदाहरणाला 13 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 15 रुपये 34 पैसे होतात. पाच दिवसांचे झाले 76 रुपये 70 पैसे. तेच दहा शेअर एका दिवशी विकले असते, पाच ऑर्डरमध्ये का होईना, तर 15 रुपये 34 पैशांत भागलं असतं.

हा चार्ज काँट्रॅक्ट नोटमध्ये येत नाही, लेजरमध्ये, म्हणजे ब्रोकरकडच्या तुमच्या जमा-खर्चाच्या वहीत येतो, म्हणून तो छुपा वाटतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ब्रोकर निवडताना जाहिरात बाजूला ठेवा आणि त्याच्या वेबसाइटवरचं दरपत्रक उघडा. त्यात डीपी चार्ज, वार्षिक देखभाल शुल्क आणि ऑर्डरमागे किमान ब्रोकरेज आहे का, एवढं बघा. थोडे थोडे विकणाऱ्याला टक्केवारीपेक्षा हे ठरीव आकडे जास्त जड जातात.

आता सब-ब्रोकरचा हिशेब. अर्ध्या टक्क्याने तुमच्या खरेदीवर 15 आणि विक्रीवर 16, म्हणजे 31 रुपये. जीएसटीसह 36 रुपये 58 पैसे. डीपी चार्ज तिथेही वेगळा लागतो, तो विचारून घ्या. रक्कम लहान आहे तोवर हा फरक झेपतो. एक लाखाचे शेअर घेऊन त्याच भावाला विकले तर मात्र ब्रोकरेजच हजार रुपये आणि जीएसटी 180. फोन उचलणारा माणूस तुम्हाला तेवढ्या मोलाचा वाटत असेल तर खुशाल द्या, पण किंमत माहीत असू द्या. शिवाय दर बोलून कमी करता येतो, तो लेखी घ्या.

ॲप अडकण्याचं म्हणाल, तर तुम्ही डिलिव्हरीवाले. सव्वानऊऐवजी दहाला ऑर्डर टाकली तरी बहुतेक वेळा चालतं. इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याचा सौदा अर्धवट अडकतो. अशा वेळी आधी एनएसईची साइट उघडून निर्देशांक हलतोय का बघा. तो हलत असेल तर दोष ब्रोकरचा किंवा तुमच्या नेटवर्कचा. तोही थांबला असेल तर, 24 फेब्रुवारी 2021 ला झालं तसं, एक्स्चेंजच बंद पडलेलं असू शकतं. तिथे ब्रोकर बदलून काही होत नाही. म्हणून खातं उघडण्याआधीच भर बाजारात, साडेनऊच्या सुमारास, ब्रोकरच्या फोनवरून ऑर्डर देण्याच्या नंबरवर एकदा फोन लावून बघा. कोणी उचललाच नाही तर त्या ॲपचा विचार सोडा.

तुम्ही ब्रोकर बदलणार असाल तर नवीन खात्याचं काम बहुतेक घरबसल्या होतं, फक्त आधारला मोबाईल जोडलेला हवा. ई-साइनचा ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि आपल्याकडे काम अडतं ते इथेच. पॅन, आधार आणि पासबुकावरचं नाव जुळतं का तेही आधी पाहा. फॉर्ममध्ये फ्यूचर-ऑप्शनची खूण करू नका. ती केली की उत्पन्नाचा पुरावा मागतात आणि तुम्हाला त्याची गरज नाही. तुमचं सगळीकडे मिळून एकच डिमॅट असेल तर ‘बेसिक सर्व्हिसेस’ खातं मागा. 4 लाखांपर्यंतच्या शेअरवर त्याला वार्षिक शुल्क नाही. नवीन उघडून जुनं तसंच ठेवलं तर ही सवलत जाते. म्हणून शेअर नवीन खात्यात वळवून जुनं बंद करण्याचा अर्ज द्या.

लेजरमधली एखादी कपात दरपत्रकात सापडलीच नाही, तर ब्रोकरला ईमेलने खुलासा मागा. समाधान झालं नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार टाका आणि त्याला लेजरचं ते पान जोडा.