8,333 रुपयांच्या पावत्या आणि घरमालकाचा पॅन

"घरमालक पॅन देत नाही? टेन्शन घेऊ नका! महिन्याला 8,333 रुपयांच्या पावत्या लावा, पॅन लागतच नाही. पावतीवर सही कुणीही केली तरी चालते, फक्त रेव्हेन्यू स्टॅम्प हवा. मालकाकडे काही मागायला जाऊ नका, पॅन देणं त्याच्यावर बंधनकारक नाही आणि उलट घर खाली करायला लावेल. सगळ्या भाडेकरूंपर्यंत पोचवा."

हा मेसेज जानेवारी 2025 च्या पहिल्या आठवड्यात माझ्या भाचीने मला पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "मावशी, असंच करू ना?" ती कोथरूडला भाड्याने राहते, महिना 18,000 रुपये भाडं देते. घरभाडे भत्त्यावरची आणि गुंतवणुकीवरची करमाफी मिळावी म्हणून ऑफिसात भाड्याचे आणि गुंतवणुकीचे पुरावे द्यायला आठ दिवस उरले होते. मी गेली अनेक वर्षं पगारपत्रकांच्या कामात आहे. दर जानेवारीत अशा पावत्यांचे गठ्ठे माझ्या टेबलावर येतात, म्हणून हा मेसेज मला हसण्यावारी नेता येत नाही.

सगळ्यात घातक वाक्य सहीचं आहे, आधी तेच घेते. पावती म्हणजे ज्याला पैसे मिळाले त्याने "मिळाले" असं लिहून देणं. ती भाडेकरूने किंवा त्याच्या मित्राने मालकाच्या नावाने सही करून बनवली, तर ती पावती उरत नाही, तो बनावट दस्त होतो आणि तो फौजदारी गुन्हा आहे. एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यात काही फरक पडत नाही. पाच हजारांच्या वरच्या पावतीला तिकीट लागतं ते मुद्रांक शुल्क म्हणून. मजकूर खरा आहे की खोटा, हे तिकीट सांगत नाही. माझ्याकडे एकदा बारा महिन्यांच्या पावत्या आल्या होत्या. एप्रिलपासून मार्चपर्यंत एकाच निळ्या पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या, आणि सहीतला शेवटचा फराटा बाराही ठिकाणी थेट त्या कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या सहीसारखा. त्याच्या अर्जावरची सही शेजारी ठेवली आणि मला पुढे काही विचारावं लागलं नाही.

भाडं न देताच अशा पावत्या लावून करमाफी घेतली आणि ते उघड झालं, तर चुकवलेला कर आणि व्याज भरावं लागतंच, शिवाय 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 270A खाली उत्पन्नाची चुकीची माहिती दिली म्हणून त्या कराच्या दुप्पट दंड लागू शकतो. पगारातून टीडीएस कापणारी कंपनी यात पुढे येत नाही. नोटीस कर्मचाऱ्याच्या नावाने येते.

आता त्या 8,333 बद्दल. हा आकडा आकाशातून पडलेला नाही, एवढं मान्य करते. 2024-25 मध्ये कर्मचारी कंपनीला भाड्याचा तपशील द्यायचा तो फॉर्म 12BB मध्ये. आयकर नियमावलीच्या नियम 26C प्रमाणे हा फॉर्म जून 2016 पासून लागू झाला. त्यात मालकाचं नाव, पत्ता आणि पॅन विचारतात, आणि पॅन कधी द्यायचा तेही तिथेच लिहिलंय: वर्षभरात दिलेलं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर. एक लाखाला बाराने भागलं की 8,333 येतात. ज्याचं भाडं खरोखर आठ हजार आहे, त्याला पॅन लागत नाही, हे बरोबर. पण फॉर्म विचारतो ते "दिलेलं" भाडं. किती रकमेच्या पावत्या जोडल्यात हे तो विचारत नाही. भाचीचे महिन्याला 18,000 जातात, म्हणजे वर्षाला 2,16,000. तिला पॅन लागतोच. आणि फॉर्मच्या तळाशी, वरची माहिती पूर्ण आणि खरी आहे असं प्रमाणपत्र तिच्याच सहीने द्यायचं असतं. करारात 18,000, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये 18,000 आणि पावतीवर 8,333 असे तीन कागद एकमेकांशी भांडायला लागले, तर उत्तर कोण देणार?

बरं, खोटेपणा बाजूला ठेवला तरी यात भाचीचं नुकसानच होतं. घरभाडे भत्त्याची करमाफी तीन रकमांपैकी सर्वांत कमी असेल तेवढी मिळते: प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, दिलेलं भाडं वजा मूळ वेतन व महागाई भत्त्याचे 10 टक्के, आणि त्याच वेतनाचे 40 टक्के. 2024-25 मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला 40 च्या जागी 50 टक्के धरायचे. पुणे त्यात नव्हतं. भाचीचं मूळ वेतन महिना 45,000, म्हणजे वर्षाचे 5,40,000. तिला महागाई भत्ता नाही. घरभाडे भत्ता महिना 18,000, म्हणजे 2,16,000, आणि वेतनाचे 40 टक्केही नेमके तेवढेच. भाड्यातून वेतनाचे दहा टक्के, म्हणजे 54,000, वजा केले की 1,62,000 उरतात. हीच सर्वांत कमी रक्कम, म्हणून एवढी माफी तिच्या हक्काची. मेसेजचं ऐकलं असतं तर 99,996 मधून 54,000 जाऊन फक्त 45,996 ची माफी मिळाली असती. ती 20 टक्क्यांच्या टप्प्यात आहे. सेस धरून साधारण 24,000 रुपये जास्त कर गेला असता, आणि वर खोट्या कागदावर सही.

इथे एक गोष्ट आधी बघायला हवी, ती या मेसेजमध्ये नाहीच. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची माफी मिळत नाही, आणि 2023-24 पासून काही न निवडता बसलात तर नवीच लागू होते. म्हणून पावत्या गोळा करण्याआधी दोन्हीकडचा कर मांडून बघा. भाचीचा वर्षाचा पगार दहा लाख, 80C ची दीड लाखाची गुंतवणूक आणि आईवडिलांच्या आरोग्य विम्याचा 30,000 चा हप्ता. 2024-25 च्या दरांनी तिला जुन्या प्रणालीत पूर्ण माफीसह सुमारे 35,000 कर येतो, नव्या प्रणालीत 44,200. पण 8,333 च्या पावत्या लावल्या तर जुन्यातलाच कर 59,000 च्या वर जातो. म्हणजे त्या युक्तीपेक्षा एकही पावती न मागता नवी प्रणाली घेणं परवडलं असतं.

राहिला "मालकावर बंधनकारक नाही" हा मुद्दा. तो अर्धा खरा आहे. भाडेकरूला पॅन द्यायलाच हवा असं मालकाला सांगणारं कलम आयकर कायद्यात मला दाखवता येणार नाही. बंधन आहे ते माफी मागणाऱ्यावर. पण पावतीचं तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 26 प्रमाणे मिळालेल्या रकमेची लेखी पावती देणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि न दिल्यास रोज शंभर रुपयांपर्यंत दंड सांगितलाय. लिव्ह अँड लायसन्सला हे कलम कसं लावायचं यावर वकील वाद घालतील. कलम 55 बद्दल मात्र तो वाद नाही: लिव्ह अँड लायसन्सचा करारही लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची.

आणि त्या नोंदणीतच बहुतेकांचं उत्तर असतं. भाचीला फोनवर म्हटलं, "तुझा करार उघड, पहिलं पान वाच." एजंटने ऑनलाइन नोंदवलेला तो करार एप्रिलपासून तिच्या मेलमध्ये न उघडता पडून होता. पहिल्याच परिच्छेदात लायसेन्सरचं, म्हणजे घर भाड्याने देणाऱ्याचं, नाव, वय, पत्ता आणि पॅन. जी गोष्ट मागायला ती घाबरत होती, ती नऊ महिने तिच्याकडेच होती.

पण ते वाचताना खरी अडचण निघाली. भाची घरमालकांना काका आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणते. करारात लायसेन्सर म्हणून नाव होतं काकूंचं. फ्लॅट त्यांच्या एकटीच्या नावावर. भाची मात्र सगळे व्यवहार काकांशी करायची, भाडंही दर महिन्याला काकांच्याच खात्यात जायचं. पावत्यांचा मसुदा तिने काकांच्या नावाने केला होता. तो तसाच गेला असता तर पावतीवर एक मालक, करारात दुसरा, आणि पॅन ज्याचं घर नाही त्याचा. कंपनी मालकाचा पॅन शेवटच्या तिमाहीच्या टीडीएस विवरणात आयकर विभागाला कळवते. मग ज्या भाड्यावर काकांचा हक्कच नाही, ते विभागाकडे त्यांच्या नावापुढे दिसलं असतं. मालकी विचारायची ती यासाठी. घर दोघांच्या नावावर असेल आणि भाडं दोघांत वाटलं जात असेल, तर दोघांची नावं, दोघांचे पॅन आणि कुणाचा किती हिस्सा, हे सगळं द्या.

भाची रविवारी खालच्या मजल्यावर त्यांच्याकडे गेली. काकांचा पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच, "म्हणजे आता आम्हाला कर लागणार का?" मी तिला हिशेब लिहून दिला होता, तो तिने टेबलावर ठेवला. 2,16,000 मधून काकूंनी भरलेला महापालिकेचा मिळकतकर 6,000 वजा, उरलेल्या 2,10,000 मधून कलम 24 प्रमाणे सरसकट 30 टक्के, म्हणजे 63,000 वजा. करपात्र भाडं 1,47,000. काकूंना दुसरं उत्पन्न थोड्या व्याजाचं. सगळं मिळून करमुक्त मर्यादेच्या आतच. काकूंनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हे आधीच सांगायचंस की गं."

मालकाकडे पॅन खरंच नसेल तर तसं लेखी निवेदन नाव-पत्त्यासह त्याच्याकडून घेता येतं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 2013 च्या परिपत्रकात ती सोय आहे. पॅन असून देतच नसेल, तर कंपनी माफी नाकारेल आणि मार्चपर्यंत टीडीएस जास्त कापेल. तेवढ्याने हक्क जात नाही. करार आणि बँक स्टेटमेंट जपून ठेवा आणि विवरणपत्र भरताना माफी मागा, जास्त गेलेला कर परत मिळतो. मात्र त्यासाठी भाडं बँकेतून गेलेलं बरं. आईला रोख भाडं दिल्याचा एक दावा मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने 2017 मध्ये फेटाळला, कारण पैसे दिल्याचा पुरावाच नव्हता.

"घर खाली करायला लावेल" या भीतीला मी हसणार नाही. बऱ्याच करारांत एक महिन्याच्या नोटिशीची अट असते आणि मालक ती वापरू शकतो. म्हणून जाण्याआधी लॉक-इन आणि नोटिशीचं कलम वाचून जा. भाचीच्या करारात एक वर्षाचा लॉक-इन होता.

एप्रिल ते डिसेंबरच्या नऊ पावत्या काकूंनी सही करून दिल्या. प्रत्येकीवर फ्लॅटचा पत्ता, महिना, 18,000 ही रक्कम, काकूंचा पॅन आणि "पतीच्या बँक खात्यात मिळाले" एवढी जास्तीची ओळ. जानेवारीचं भाडं भाचीने काकूंच्या खात्यात भरलं.