मावशीचे चारशे छत्तीस

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. माझी मावशी डिचोलीला मराठी प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झाली, वय ६४. तिच्या पेन्शनच्या खात्यातून न विचारता ४३६ रुपये कापले आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘बाई, एवढ्याशा पैशांसाठी कशाला त्रास करून घेता?’ एवढ्याशा? तिचे आहेत ना ते!

पासबुकात एन्ट्री मारून आणली की ती पेन्सिल घेऊन एकेक ओळ टिक करते, वह्या तपासायची सवय, दुसरं काय. मे अखेरच्या एका ओळीपाशी पेन्सिल थांबली, पीएमजेजेबीवाय, ४३६. मागची पानं उलटली तर गेल्या वर्षी मेमध्येही तेवढेच. ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, दोन लाखांचा विमा, हप्ता दरवर्षी खात्यातून आपोआप जातो. योजना वाईट नाही, तरुण माणसाला स्वस्तात पडते, हे मान्य. पण तिच्यात शिरायचं वय १८ ते ५०, आणि विमा ५५ ला संपतो. म्हणजे मावशीचा हप्ता घ्यायचा, आणि उद्या तिचं काही झालं तर वयामुळे क्लेम बसणारच नाही! तिची जन्मतारीख बँकेकडे केवायसीत आहे की, बघितली का कुणी?

तिने आयुष्यात कधी तक्रार लिहिली नव्हती. पहिल्या कागदावर अर्धं पान ‘आपणास तसदी देत आहे, क्षमस्व’ वगैरेच होतं. मी म्हटलं मावशी, क्षमा त्यांनी मागायची गो. मग तिने परत लिहिलं, त्याच सुंदर अक्षरात: खाते क्रमांक, दोन्ही तारखा, दोन्ही रकमा, माझी जन्मतारीख ही, मी संमतीचा फॉर्म भरलेला नाही, असल्यास माझ्या सहीची प्रत दाखवा, नसल्यास ८७२ रुपये परत करा आणि पुढची कपात बंद करा. बस्स, एक पान. त्या सहीच्या वाक्यातच सगळा जोर आहे, कारण सही नसेल तर त्यांच्याकडे दाखवायला काहीच नाही.

काउंटरवाला कागद ठेवून घेत होता, पोच देईना. मावशी तिथेच उभी राहिली, ‘माझ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मारून द्या.’ मागे रांग होती, तरी हलली नाही. लिहिताना माझ्या डोळ्यात पाणी येतंय आता.

बँकेतल्या पोरांवर टार्गेटचं ओझं असतं, माणसं कमी असतात, ठीक आहे. म्हणून म्हातार्‍यांच्या खात्यात हात घालायचा?

आज यंदाचे ४३६ परत जमा झाले. गेल्या वर्षीच्यांबद्दल आणि फॉर्मबद्दल अवाक्षर नाही. शिक्क्याच्या तारखेपासून ३० दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, cms.rbi.org.in वर, फुकट. पोचीचा फोटो काढून ठेवलाय. मजकूर मावशीच सांगणार आहे, मी फक्त टाइप करायचं.