'जनहित' म्हटलं की बोलणं बंद करता येतं का?

"मूलभूत हक्क कागदावरच असतात. 'वाजवी निर्बंध' एवढं म्हटलं की जनहिताच्या नावाखाली सरकार बोलणंही बंद करू शकतं. आणि वाजवी काय, हे सरकारच ठरवतं."

आधी जनहिताचं पाहू. भारतीय संविधानात भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध कोणत्या कारणांसाठी घालता येतात, त्यांची यादी कलम 19(2) मध्ये आहे: देशाचं सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. 'जनहित' तिच्यात नाही. ते व्यवसायस्वातंत्र्याबद्दलच्या 19(6) मध्ये आहे.

हा फरक किती मोलाचा आहे, ते पुण्याच्या 'सकाळ'च्या खटल्यात दिसलं. 1956 चा कायदा आणि 1960 चा आदेश यांनी दैनिकाची पानं त्याच्या किमतीशी बांधली. पानं तेवढीच ठेवायची तर किंमत वाढवा, किंमत तीच ठेवायची तर पानं कमी करा. किंमत वाढली की वाचक घटणार, पानं घटली की मजकूर घटणार. मोठ्या वृत्तपत्रांच्या अनुचित स्पर्धेपासून छोट्यांना वाचवायचं आहे, असं केंद्र सरकारचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये ते अमान्य केलं. वृत्तपत्र हा व्यवसाय असला, तरी व्यवसायावरच्या निर्बंधाच्या आडून त्याचं भाषणस्वातंत्र्य कापता येणार नाही, हे त्यातलं कळीचं सूत्र. कायद्यातली आक्षेपार्ह तरतूद आणि आदेश दोन्ही रद्द झाले.

शिवाय निर्बंधामागे कायदा लागतो. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभं राहून ते न गाणाऱ्या केरळमधल्या तीन मुलांना शाळेतून काढलं होतं. 1986 मध्ये न्यायालयाने ते रद्द केलं. शिक्षण खात्याच्या परिपत्रकांना कायद्याचं बळ नव्हतं, हे त्यामागचं एक कारण.

वाजवीपणाचा शेवटचा शब्दही सरकारचा नाही. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून सागर जिल्ह्यातल्या काही गावांत विडी वळण्यावर सरसकट बंदी घातली होती. हेतू गैर नव्हता. पण शेतात राबू न शकणारे अपंग आणि वृद्ध, फावल्या वेळात विड्या वळणारे, सगळेच तिच्यात अडकले. हेतूसाठी लागतो त्याहून जास्त हक्क कापला जातो, म्हणून 1950 मध्ये न्यायालयाने ती टिकू दिली नाही.

मर्यादा मात्र खऱ्या आहेत. बदनामी हा गुन्हा मानणारी तरतूद 2016 मध्ये न्यायालयाने कायम ठेवली. कलम 19 चे हक्क फक्त नागरिकांना आहेत, आणि युद्ध किंवा बाह्य आक्रमणामुळे जाहीर झालेल्या आणीबाणीत त्यांचं संरक्षण स्थगित होतं.

म्हणून मनाई आदेश आला, तर त्याची लेखी प्रत मागा आणि तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढलाय, ते पाहा. मग दिलेलं कारण 19(2) मधल्या कशात बसतं आणि बंदीची जागा व मुदत त्या कारणापुरतीच आहे का, हे तपासा. यापैकी एकही दुवा तुटत असेल, तर कलम 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.